श्वासनलिका अन्ननलिकेपासून वेगळी कशी होते, आणि फिस्टुला कुठून येतो

प्रश्न: डॉक्टर, मी नवजात विभागात इंटर्नशिप करते आहे. पुस्तकात लिहिलंय की श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधला पडदा नीट तयार झाला नाही की फिस्टुला, म्हणजे दोघींना जोडणारी नको असलेली वाट, होतो. पण पडदाच अपुरा असेल तर दोन नळ्यांमध्ये नुसतं एक भोक राहायला हवं ना? मग बहुतेक बाळांत वरची अन्ननलिका पिशवीसारखी बंद आणि खालची श्वासनलिकेला जोडलेली, असं का दिसतं?

उत्तर: तुमची शंका रास्त आहे, आणि ती पुस्तकातल्या चित्राच्या नेमक्या कमकुवत जागेवर बोट ठेवते. पडद्यात भोक राहिलं हे स्पष्टीकरण ज्याला एच-प्रकार म्हणतात त्याला लागू पडतं. तिथे दोन्ही नळ्या अखंड असतात आणि मध्ये एक बारीक वाट असते. पण हा प्रकार १०० बाळांत साधारण ४ जणांतच सापडतो. सुमारे ८५ बाळांत तुम्ही वर्णन केलेली रचना असते: वरचा भाग आंधळी पिशवी, आणि खालचा भाग श्वासनलिकेच्या मागच्या भिंतीत, ती दुभंगते त्याच्या जरा वर, उघडणारा. ही रचना समजायची असेल तर पडदा थोडा वेळ बाजूला ठेवून नळीच्या भिंतीतल्या पेशींकडे पाहावं लागतं.

चौथ्या आठवड्याच्या अखेरीस गर्भ जेमतेम ४ मिलिमीटर लांब असतो. घशापासून जठरापर्यंत तेव्हा एकच नळी असते, तिला अग्रांत्र म्हणतात. या नळीच्या पुढच्या, म्हणजे पोटाकडच्या भिंतीला एक खोबण पडते आणि तिच्या खालच्या टोकाशी एक फुगवटा बाहेर येतो. हा श्वसनकोंब. तो लगेच उजवीकडे आणि डावीकडे फुटतो; हे दोन कोंब पुढे फुप्फुसं होतात. श्वासनलिका मात्र या कोंबातून लांब वाढत गेलेली नवी फांदी नाही. ती बव्हंशी अग्रांत्राच्याच पुढच्या भागातून तयार होते आणि मागचा भाग अन्ननलिका म्हणून उरतो. हा फरक लहान वाटतो, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जी नळी अगोदरच होती तिचीच वाटणी व्हायची असते. वाटणीत चूक झाली तर एका नळीच्या वाट्याला जास्त आणि दुसरीच्या वाट्याला कमी येऊ शकतं.

वाटणी दिसायला लागण्याआधीच ठरलेली असते. अग्रांत्राचा काटछेद घेतला तर त्याच्या गोलाकार अस्तराच्या पुढच्या अर्ध्या भागातल्या पेशी एनकेएक्स २-१ हे प्रथिन बनवत असतात. पॅथॉलॉजीत तुम्ही ते टीटीएफ-१ या नावाने ऐकलं असेल, फुप्फुसाचा कर्करोग ओळखायला त्याचा रंग लावतात. मागच्या अर्ध्या भागातल्या पेशींत सॉक्स-२ हे प्रथिन भरपूर असतं. पुढच्या बाजूच्या भोवतालच्या ऊतींतून डब्ल्यूएनटी आणि बीएमपी हे संदेश येतात आणि पेशींना श्वसनाच्या वाटेला लावतात. मागच्या बाजूला हे संदेश दाबून ठेवलेले असतात, म्हणून तिथे अन्ननलिका होते. ही दोन प्रथिनं एकमेकांना मागे ढकलतात, त्यामुळे मध्ये सीमारेषा बऱ्यापैकी स्पष्ट राहते. उंदरांत एनकेएक्स २-१ चं जनुक काढून टाकलं तर श्वासनलिका आणि अन्ननलिका वेगळ्या होतच नाहीत, एकच सामाईक नळी राहते. सॉक्स-२ पुरेसं नसेल तर अन्ननलिका खंडित होऊन फिस्टुला झालेले उंदीर जन्मतात.

मग प्रत्यक्ष विभागणी. सीमारेषेवरच्या पेशी डावीकडून आणि उजवीकडून आत सरकतात, मध्यरेषेवर भेटतात, क्षणभर एकमेकींना चिकटतात आणि मग त्यांची मांडणी बदलते: पुढच्या पेशी पुढच्या नळीत, मागच्या मागच्या नळीत जातात आणि मधल्या फटीत भोवतालची ऊती शिरते. बेडूक आणि उंदरांवरच्या अभ्यासांतून ही पायरी बरीच स्पष्ट झाली आहे. पेशी एकमेकींना चिकटल्यानंतर तो जोड सोडवणं हे वेगळं काम आहे आणि ते स्वतंत्रपणे फसू शकतं. पुस्तकातला पडदा म्हणजे या हालचालीचा शेवटी दिसणारा परिणाम. वरून खाली उतरणारी भिंत असं काही तिथे नसतं. उलट विभागणी सुरू होते खाली, श्वसनकोंबांच्या पातळीवर, आणि बॅगेची चेन उलटी ओढावी तशी वर घशाकडे सरकते. सहाव्या आठवड्यापर्यंत हे काम संपतं.

आता तुमच्या प्रश्नाला हात घालू. ही विभागणी वर सरकता सरकता मध्येच थांबली तर काय दिसेल? वरचा भाग न विभागलेला राहील, म्हणजे स्वरयंत्राच्या मागे श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यात लांबट भेग. असं बाळ असतं. त्याला स्वरयंत्र-श्वासनलिका-अन्ननलिका भेग म्हणतात आणि ती विरळ आहे. आणि विभागणी वरपर्यंत गेली पण एका ठिकाणी पेशींचा जोड सुटायचा राहिला, तर? तर एच-प्रकार. ही वाट बहुधा मानेत किंवा छातीच्या अगदी वरच्या भागात सापडते, आणि तिरकी असते: श्वासनलिकेकडचं तोंड वर, अन्ननलिकेकडचं खाली. पडद्याचं स्पष्टीकरण या दोन प्रकारांना चांगलं बसतं. पण दोन्हींत अन्ननलिका अखंड आहे. ती तुटायला दुसरंच काही घडावं लागतं.

यावर सर्वांत उपयोगी माहिती उंदरांच्या एका जुन्या प्रयोगातून मिळाली. गाभण उंदरीला ठरावीक दिवसांत ॲड्रियामायसिन, म्हणजे कर्करोगावर वापरतात तेच औषध, टोचलं तर बऱ्याच पिलांत माणसाच्या नेहमीच्या प्रकारासारखीच विकृती होते. मग वेगवेगळ्या दिवसांचे गर्भ घेऊन ती घडताना पाहता येते. अशा गर्भांत श्वसनकोंब दोनऐवजी तीन ठिकाणी फुटलेला दिसला. दोन बाजूचे कोंब फुप्फुसांकडे गेले, आणि मधला सरळ खाली वाढत जाऊन जठराला मिळाला. हा मधला कोंब फुप्फुसासारखा पुढे फांद्या फोडत नाही, नळीच राहतो. त्याच्या अस्तरात एनकेएक्स २-१ सापडलं, म्हणजे पेशी श्वसनाच्या जातीच्या. मानवी बाळांच्या शस्त्रक्रियेत मिळालेल्या फिस्टुलाच्या तुकड्यांतही हेच प्रथिन सापडलं आहे. तिथे कधी श्वसनमार्गाचं अस्तर आणि कूर्चेचे तुकडे मिळतात, तेही याच्याशी जुळतं.

या वाचनाप्रमाणे तुम्ही ज्याला 'श्वासनलिकेला जोडलेली खालची अन्ननलिका' म्हणता, तिचा वरचा भाग मुळात श्वसनमार्गाची तिसरी फांदी आहे. दुसरं वाचन असं आहे की तिसरी फांदी हा भास आहे. विभागणीची रेषा मागे सरकते, वरच्या टप्प्यात जवळजवळ सगळी नळी श्वासनलिकेच्या वाट्याला जाते आणि अन्ननलिकेला मागे फक्त एक आखूड पिशवी उरते. मला वैयक्तिकरीत्या दोन्ही वाचनांतला समान भाग महत्त्वाचा वाटतो: पेशींची जात ठरवणारी सीमारेषा मागे ढळली, श्वसनाचा वाटा वाढला, आणि अन्ननलिकेसाठी मध्ये साहित्य उरलं नाही. म्हणजे आधी अन्ननलिका तुटली आणि मग खालचं टोक जाऊन श्वासनलिकेला चिकटलं, असं नाही. खालचा भाग श्वासनलिकेपासून कधी सुटलाच नव्हता.

याचा एक पडताळा तुम्हाला वॉर्डात करता येईल. काही बाळांत फिस्टुला अजिबात नसतो, फक्त अन्ननलिका खंडित असते. तिथे खालचा तुकडा फार आखूड असतो, श्वासपटलाच्या जरा वर संपतो, आणि दोन टोकांतलं अंतर मोठं असतं. फिस्टुला असलेल्या बाळांत मात्र खालचा तुकडा श्वासनलिकेच्या दुभंगापर्यंत वर आलेला असतो, म्हणून टोकं बहुधा एकाच शस्त्रक्रियेत जोडता येतात. खालच्या तुकड्याची लांबी फिस्टुलामुळेच मिळालेली असते.

आता एक बाळ समोर ठेवू. ३६ आठवड्यांचं, वजन २.३ किलो. आईच्या शेवटच्या सोनोग्राफीत गर्भजल जरा जास्त होतं, पण बाळाचं जठर दिसत होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. इथेच पहिला धडा आहे. गर्भ गर्भजल गिळत असतो. अन्ननलिका बंद असेल तर पाणी साचायला हवं आणि जठर रिकामं दिसायला हवं. फिस्टुला नसलेल्या बाळांत असंच होतं. पण या प्रकारात थोडं पाणी श्वासनलिकेतून फिस्टुलामार्गे जठरात पोचतं. त्यामुळे जठर भरलेलं दिसलं म्हणून अन्ननलिका ठीक आहे असं म्हणता येत नाही, आणि बहुतेक बाळांचं निदान जन्मानंतरच होतं.

जन्मल्यावर बाळाच्या तोंडातून फेस येत राहतो. पुसला, सक्शन केलं, की थोड्या वेळाने परत. गिळलेली लाळ वरच्या पिशवीत साठते आणि उतू जाते. दूध पाजायचा प्रयत्न झाला तर बाळ खोकतं, निळं पडतं. अशा वेळी जाडसर, वळणार नाही अशी ८ किंवा १० फ्रेंचची नळी तोंडातून घालायची. ती हिरडीपासून साधारण १० सेंटिमीटरवर अडते. बारीक मऊ नळी घेऊ नका: ती पिशवीत गुंडाळत जाते आणि वाटतं की नळी जठरात पोचली. हे वाक्य मी प्रत्येक नव्या इंटर्नला सांगते, कारण उशिरा निदान होण्यामागे हे कारण वारंवार दिसतं.

मग छाती आणि पोट एकत्र दिसेल असा एक्स-रे. नळीचं टोक छातीच्या वरच्या भागात थांबलेलं. आता पोटाकडे पाहा. पोटात वायू आहे. वरून वाट बंद असताना वायू आला कुठून? श्वासनलिकेतून, म्हणजे खालचा फिस्टुला आहे. पोट पूर्ण पांढरं, वायूहीन दिसलं असतं तर खालचा फिस्टुला नाही आणि टोकांमधलं अंतर मोठं, असं गृहीत धरून पुढची आखणी बदलली असती. निदानासाठी बेरियम पाजायची गरज नसते. ते फुप्फुसात गेलं तर नवं संकट.

बाळाला धोका दोन्ही बाजूंनी असतो, आणि लोक वरच्या बाजूकडेच जास्त लक्ष देतात. वरची लाळ फुप्फुसात जाते, त्यासाठी पिशवीत दुहेरी मार्गाची सक्शन नळी ठेवून सतत हलकं सक्शन चालू ठेवतात. पण खालून जठरातलं आम्ल फिस्टुलामधून थेट फुप्फुसात चढतं आणि ते जास्त जाळतं. म्हणून डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवायची आणि बाळाला रडू द्यायचं नाही, कारण प्रत्येक रडण्यात हवा जठरात भरते. आणखी एक: गरज नसताना बॅग-मास्कने दाब देऊ नका. हवेला फुप्फुसापेक्षा फिस्टुलाची वाट सोपी असते, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या ताठ फुप्फुसांच्या बाळात. जठर फुगतं, श्वासपटल वर ढकललं जातं, फुप्फुस आणखी दबतं, मग आपण दाब वाढवतो. हे चक्र काही मिनिटांत बाळाला संपवू शकतं. श्वासासाठी नळी घालावीच लागली तर तिचं टोक फिस्टुलाच्या तोंडाच्या खाली पण दुभंगाच्या वर बसवायचा प्रयत्न असतो, आणि ही जागा काही मिलिमीटरची असते. असं का, हे आता तुम्हाला कळेल: फिस्टुला जिथून निघतो ती जागा म्हणजे मूळ श्वसनकोंब फुटला तीच जागा.

शस्त्रक्रियेआधी हृदयाची सोनोग्राफी हवी. एक तर साधारण निम्म्या बाळांत आणखी काही दोष असतो: हृदय, मणके, गुदद्वार, मूत्रपिंड, हाताचं हाड. हे सगळे अवयव त्याच सुमाराच्या आठवड्यांत घडत असतात आणि त्यांना घडवणारे संदेशही बरेचसे तेच असतात. दुसरं, महाधमनीची कमान उजवीकडे असेल तर छाती नेहमीप्रमाणे उजवीकडून उघडणं अवघड जातं. बाळाचे डोळेही पाहा. डोळा अगदी लहान किंवा नसलेला असेल तर सॉक्स-२ जनुकात दोष असू शकतो. पण बहुसंख्य बाळांत एकच जनुक बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि जुळ्यांतही बहुधा एकालाच हा दोष असतो. आईवडील 'आमचं काय चुकलं' असं विचारतात तेव्हा त्यांना हे सांगा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात अनेक आयांना दिवस गेलेत हेही नुकतंच कळलेलं असतं किंवा कळलेलंही नसतं.

आपल्या बाळाचं हृदय चांगलं आहे, कमान डावीकडे आहे. दुसऱ्या दिवशी उजवीकडून चौथ्या फासळीखालून, फुप्फुसावरण न उघडता आत जातो. ॲझायगस शीर बाजूला केली की तिच्याजवळ खालचा तुकडा श्वासनलिकेत शिरताना दिसतो, दर श्वासागणिक फुगतो. तो श्वासनलिकेच्या अगदी लगत कापून भोक शिवतात. इथे बेताने काम करावं लागतं: फार लगत शिवलं तर श्वासनलिका अरुंद होते, आणि फार लांब बुडखा ठेवला तर तिथे खिसा राहतो, त्यात स्राव साठतो आणि पुढे नळी घालताना ती त्यातच अडकू शकते. शिवण झाल्यावर छातीत कोमट सलाइन ओतून भूलतज्ज्ञाला दाब द्यायला सांगतात. बुडबुडे आले तर गळती आहे.

मग वरची पिशवी. भूलतज्ज्ञ वरून नळी ढकलतात तेव्हा ती पुढे येते. तिची भिंत जाड आणि रक्तपुरवठा उत्तम, कारण गर्भ महिनोन्महिने बंद टोकावर गिळत होता. खालचा तुकडा पातळ आणि नाजूक. पिशवी श्वासनलिकेपासून सोडवताना दोन्हींची भिंत जवळपास एकजीव भासते, आणि इथेच क्वचित आणखी एक वरचा फिस्टुला लपलेला असतो. तो राहून गेला तर जोड उत्तम असूनही बाळ दूध पिताना खोकत राहतं. म्हणून शस्त्रक्रियेच्या सुरुवातीलाच श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहावं, या मताची मी आहे. त्याला काही मिनिटं लागतात आणि मुख्य फिस्टुलाची जागाही नेमकी कळते.

टोकं जोडली गेली तरी वाटणीतली मूळ चूक शरीरात उरते. श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीत इंग्रजी सी आकाराच्या कूर्चा असतात आणि मागे मऊ पडदा. या बाळांत कूर्चेचा आकार उघडा, आखूड राहतो आणि मागचा पडदा रुंद असतो. त्यामुळे श्वास सोडताना, खोकताना भिंत आत दबते आणि भुंकल्यासारखा, घुमणारा खोकला ऐकू येतो. पालक महिन्यांनी काळजीने येतात की फिस्टुला परत उघडला का. बऱ्याचदा तो हाच मऊपणा असतो, आणि मूल वाढतं तसा कमी होतो. खालच्या अन्ननलिकेचं आकुंचनही नीट लयीत होत नाही, म्हणून आम्ल वर येणं आणि घास अडकणं मोठेपणीही दिसतं.

पण प्रत्येक खोकला मऊपणाच्या खात्यावर टाकू नका. खोकला कशाशी बांधलेला आहे ते विचारा. रडताना किंवा सर्दीत आवाज वाढतो, पण दूध पिताना मूल ठीक असतं, तर मऊपणा जास्त संभवतो. प्रत्येक वेळी पातळ पदार्थ गिळतानाच खोकला येतो, पोट हवेने फुगतं, न्यूमोनिया वारंवार होतो, तर फिस्टुला पुन्हा उघडला आहे किंवा वरचा सुटून गेला आहे असं धरून चला. साध्या गिळण्याच्या चाचणीत तो निसटू शकतो, कारण वाट तिरकी आणि बारीक असते. बाळाला पालथं ठेवून, अन्ननलिकेतली नळी खालून वर ओढत एक्स-रेत दिसणारं औषध थोडं थोडं सोडत घेतलेले फोटो, आणि सोबत श्वासनलिकेची दुर्बीण, या दोन्ही तपासण्या झाल्याशिवाय 'फिस्टुला नाही' असं कागदावर लिहू नका.